पाच रेघांत न दिसणारं अंतर

गिटारच्या किंवा कीबोर्डच्या क्लासमध्ये थिअरीचा तास सुरू झाला की पडद्यावर पाच आडव्या रेघा येतात. त्यांवर तीन टिंबं एकावर एक बसलेली असतात. सी, ई, जी, ही मेजर कॉर्ड, असं सांगितलं जातं. पुढच्या स्लाइडवर तीच टिंबं एक पायरी वर सरकलेली दिसतात: डी, एफ, ए. ही मात्र मायनर. चित्र तेच, नाव वेगळं. नोटेशन न येणारा माणूस इथे अडकतो आणि आपल्याला वाचता येत नाही म्हणून कळत नाही असं समजतो. पण फरक त्या रेघांमध्ये काढलेलाच नाही. तो पेटीवर दिसतो.

पेटीवरची पांढरी एक म्हणजे सी. तिथून वरच्या पांढऱ्या एकपर्यंत काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीनं वाजवत गेलं तर १२ पावलं होतात. यातल्या एका पावलाला सेमीटोन म्हणतात. बहुतेक पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये एक काळी असते, म्हणून त्यांच्यात दोन पावलांचं अंतर पडतं. पांढरी तीन आणि चार यांच्यामध्ये मात्र काळी नाही, सात आणि वरची एक यांच्यामध्येही नाही. तिथे एकच पाऊल. रेघांवर ही सगळी अंतरं सारखीच दिसतात. गोंधळाचं मूळ हेच.

आता पांढऱ्या पट्ट्या क्रमानं वाजवा. पावलं पडतात २, २, १, २, २, २, १. हाच मेजर स्केल, आपल्या बिलावल थाटाचे शुद्ध स्वर. स्केल म्हणजे हा पावलांचा क्रम. सुरुवात कुठूनही करता येते. पांढरी दोन हा सा धरून तोच क्रम मोजला तर पट्ट्या येतात: पांढरी दोन, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी पाच, पांढरी सहा, पांढरी सात, काळी एक आणि वरची पांढरी दोन. यात काळ्या दोन आल्या. स्लाइडवर डी मेजरच्या रेघांच्या सुरुवातीला दोन शार्पच्या खुणा असतात, त्या याच दोन काळ्यांसाठी.

दोन स्वरांमधलं अंतर म्हणजे इंटरव्हल. इथे नवशिक्याची हमखास चूक होते, कारण मोजण्याच्या पद्धती दोन आहेत. थर्ड, फिफ्थ ही नावं पायऱ्यांची आहेत आणि त्यांत पहिली पायरीही धरतात: सी, डी, ई, म्हणून सी ते ई हा थर्ड. पावलं मोजताना मात्र सुरुवातीची पट्टी धरायची नाही. सी ते ई चार पावलं, डी ते एफ तीनच. दोन्ही थर्डच, पण पहिला मेजर आणि दुसरा मायनर. सा ते शुद्ध ग आणि सा ते कोमल ग यांच्यात जो फरक आहे, तोच हा. तुमचं उत्तर पुस्तकापेक्षा नेमकं एकानं जास्त येत असेल, तर सुरुवातीची पट्टी मोजली गेली आहे असं समजा.

कॉर्ड त्यानंतर अवघड राहत नाही. एक स्वर घ्या, एक पायरी सोडून पुढचा, पुन्हा एक सोडून तिसरा. सी, ई, जी मध्ये पावलं पडतात ४ आणि ३, ही मेजर. डी, एफ, ए मध्ये ३ आणि ४, ही मायनर. दोन्हींत टोकापासून टोकापर्यंत सातच पावलं, म्हणजे सा ते प. फक्त मधला स्वर एका पावलानं खाली आलेला असतो, आणि तेवढ्यानं कॉर्डचा सगळा भाव पालटतो. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर अशा सात कॉर्ड होतात: तीन मेजर, तीन मायनर. उरलेली पांढऱ्या सातपासूनची. तिच्यात ३ आणि ३ पडतात, पंचम सहा पावलांवरच राहतो आणि कानाला ती अधांतरी लागते. तिला डिमिनिश्ड म्हणतात.

या मोजणीची एक मर्यादा मात्र गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. पेटीची १२ पावलं सारखी केलेली असतात. तानपुऱ्यातून आपसूक ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा पेटीचा गंधार थोडा चढा असतो. एका पावलाचे १०० भाग केले तर सुमारे १४ भागांइतका. तानपुरा लावून फक्त ग धरला की हा फरक कानाला कळतो. पंचमात तो जवळपास नाहीच, दोन भागांचा. त्यामुळे कॉर्ड ओळखायला पट्ट्या मोजाव्यात, पण गळ्यातला ग तानपुऱ्यावरच लावावा.

पुढच्या वेळी स्लाइड समोर आली की टिंबांकडे पाहत बसू नका. शिक्षकांना स्वरांची नावं विचारा, पेटीवर बोट ठेवा आणि प्रत्येक दोन स्वरांच्या मध्ये पावलांचा आकडा लिहा. ४-३ आहे की ३-४, एवढं दिसलं की ती स्लाइड कळली.