रात्रभर पडून राहिलेला फोन बॅटरी कशी खातो

मोबाइलची बॅटरी लवकर उतरते अशी तक्रार कुणी केली, की मी आधी एकच विचारतो. रात्री झोपताना किती टक्के होती आणि सकाळी किती उरली? दिवसभराचा हिशेब लावणं अवघड असतं. त्यात स्क्रीन असते, व्हिडिओ असतात, नकाशा असतो, उन्हातला ब्राइटनेस असतो. रात्री यातलं काहीच नसतं. फोन पालथा पडलेला असतो. अशा वेळी पाच हजार एमएएच बॅटरीच्या धडधाकट फोनचे आठ तासांत दोन-चार टक्के जायला हवेत. वीस-पंचवीस टक्के जात असतील, तर स्क्रीन मंद करून किंवा वॉलपेपर काळा करून काही होणार नाही. फोनच्या आत दुसरंच काहीतरी जागं आहे, आणि ते शोधायला हवं.

माझी मावशी गुहागरकडे राहते. तिचं म्हणणं असं होतं, “रात्री दहाला शंभर टक्के करून ठेवते रे. हात लावत नाही, तरी सकाळी पाऊणच उरते.” दुकानदाराने बॅटरी बदला म्हणून सांगितलं होतं. फोन जेमतेम वर्षाचा. पाव बॅटरी म्हणजे सव्वा हजार एमएएच, तासाला दीडशेच्या वर. नुसत्या पडून असलेल्या फोनला तासाला दहा-वीस एमएएच पुरतात. म्हणजे हा फोन रात्रभर, स्क्रीन बंद असताना, निदान आठपट वीज ओढत होता.

घर जांभ्याच्या जाड भिंतींचं, फोन माजघरात चार्जिंगला. सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या माहितीत `SIM status` नावाची ओळ असते, तिथे सिग्नलचा खरा आकडा दिसतो. वरच्या कोपऱ्यातल्या काड्यांवर विसंबू नये, कारण किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. माजघरात आकडा होता `-119 dBm`. पडवीत आल्यावर तोच `-104` झाला. हे आकडे उणे असतात, त्यामुळे 119 हा 104 पेक्षा वाईट. दर दहा अंकांना सिग्नल दसपट बदलतो. म्हणजे घरातल्या घरात, काही पावलांच्या अंतरात, सिग्नल तीसपटीने पडत होता. ढोबळमानाने 4जीवर -90 च्या आसपास असेल तर उत्तम, -110 च्या खाली गेला की फोनचे हाल सुरू होतात.

हे हाल कसले, ते नीट समजून घ्यायला हवं. आपल्याला वाटतं टॉवर बोलतो आणि फोन ऐकतो. पण फोनलाही टॉवरला उत्तर द्यावं लागतं, आणि किती जोराने द्यायचं हे टॉवरच सांगतो. खाडीच्या पलीकडच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं, तसंच हे. टॉवर जवळ असेल तर फोनचं काम एक-दोन मिलिवॅटमध्ये भागतं, लांब असेल तर तो मर्यादेपर्यंत, म्हणजे जवळपास 200 मिलिवॅटपर्यंत जोर लावतो. ही फक्त अँटेनातून बाहेर पडणारी ताकद. ती निर्माण करताना बॅटरीतून याच्या कितीतरी पट वीज जाते, बाकीची उष्णता होते. कमी सिग्नलमध्ये बोलताना फोन कानाला गरम लागतो तो यामुळेच.

याहून वाईट अवस्था म्हणजे सिग्नल अजिबात नसणं. टॉवर सापडलेला असेल तर फोन बहुतेक वेळ झोपतो, सेकंद-दीड सेकंदाने क्षणभर कान देतो आणि पुन्हा झोपतो. टॉवरच नसेल तर त्याला एकामागून एक सगळे बँड धुंडाळत बसावं लागतं. मावशीच्या फोनमध्ये दोन सिम होती. एक तिथे चालणारं, दुसरं पुण्याला मुलाकडे असताना घेतलेलं. या दुसऱ्या कंपनीचा टॉवर त्या वाडीच्या आसपास कुठेच नाही. ते सिम रात्रंदिवस `No service` दाखवत होतं आणि ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. आपल्याकडे दोन सिमचे फोन घरोघरी आहेत, त्यामुळे हा चोर मला वारंवार भेटतो.

उपाय साधा. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर जाऊन ते सिम बंद केलं. काढून टाकावं लागत नाही, बटण बंद केलं की पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी घट निम्म्यावर आली होती. त्या क्रमांकाला बँक जोडलेली असेल तर ओटीपी हवा तेव्हा सिग्नलच्या जागी जाऊन सिम पुन्हा चालू करावं. प्रीपेड क्रमांक असेल तर अधूनमधून वापरायचंही लक्षात ठेवावं, कारण सलग 90 दिवस काहीच वापर नसेल तर तो बंद होऊ शकतो.

उरलेली घट चालू सिमची होती. त्यामागे आणखी एक बारीक कारण आहे, जे फारसं कुणी सांगत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शुभ रात्री’चं एक चित्र आलं, की फोनचा रेडिओ जागा होतो. चित्र उतरायला दोन सेकंद लागतात, पण रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून 4जीवर तो साधारण दहा सेकंद जागा राहतो. दहा ग्रुपांवर रात्री बारापर्यंत निरोप सांडत असतील तर या दहा-दहा सेकंदांची साखळी होते, आणि -119 वर तो प्रत्येक सेकंद महाग. मावशीकडे केबलवाल्याचं फायबर आलेलं आहे. म्हणून `Wi-Fi calling` चालू केलं, आणि रात्री विमान मोड लावून त्यावर फक्त वायफाय चालू ठेवायचं ठरवलं. वायफायचा राउटर दहा फुटांवर असतो, त्याच्याशी बोलायला फोनला ओरडावं लागत नाही. बहुतेक फोनवर असे कॉल येतात आणि लागतातही, पण त्यावर भरवसा ठेवण्यापूर्वी शेजाऱ्याच्या फोनवरून एकदा करून बघावं. एसएमएस मात्र दर वेळी येतोच असं नाही. मावशीच्या फोनची रात्रीची घट आता तीन टक्क्यांवर आहे. बॅटरी तीच.

5जीचा प्रश्न याच कुळातला. एअरटेलने 2022 मध्ये 5जी सुरू केलं ते 4जीच्या खांद्यावर. अशा व्यवस्थेत फोनला दोन्ही रेडिओ सांभाळावे लागतात. जिओने पहिल्यापासून स्वतंत्र 5जी उभारलं, तिथे हा दुहेरी भार नाही. पण कंपनी कुठलीही असो, 5जी येतं-जातं अशा जागी फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारतो. तिथे `Preferred network type` मध्ये `LTE` निवडावं. पुण्या-मुंबईत भर सिग्नलमध्ये बसून 5जी बंद केल्याने मिळण्यासारखं फार नाही. कोकण रेल्वेने जाताना मात्र उतरवून ठेवलेला सिनेमा बघायचा असेल, तर मी खुशाल विमान मोड लावतो. बोगद्यामागून बोगदा, त्यात रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. प्रत्येक बोगद्यात टॉवर हरवतो, बाहेर आलं की शोध पुन्हा सुरू.

रात्रीचा हिशेब ठीक असेल आणि तरी संध्याकाळपर्यंत फोन मान टाकत असेल, तर मुद्दा स्क्रीनचा आहे. इथे कामाची गोष्ट एकच, ब्राइटनेस. उन्हात पूर्ण ब्राइटनेसला स्क्रीन घरातल्यापेक्षा कित्येक पट वीज घेते, म्हणून तो आपोआप कमी-जास्त होऊ द्यावा. सावलीत आल्यावर हाताने वाढवलेला तसाच राहतो, तिथे नुकसान होतं. डार्क मोडचा गवगवा फार आहे. त्याचा उपयोग फक्त ओएलइडी स्क्रीनवर, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे बंद दिवा. एलसीडीवर मागचा दिवा जळतच असतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 2021 मध्ये ओएलइडी फोन मोजून पाहिले. पूर्ण ब्राइटनेसला डार्क मोडने सरासरी 39 ते 47 टक्के वीज वाचली, पण घरात आपण ठेवतो तशा 30 ते 50 टक्के ब्राइटनेसला बचत 3 ते 9 टक्क्यांवर आली. डोळ्यांना बरं वाटत असेल तर जरूर वापरावा, बॅटरीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आणि ती सवय, दर तासाला सगळी अ‍ॅप्स वर ढकलून बंद करण्याची. ती सोडावी. मागे दिसणारी बहुतेक अ‍ॅप्स गोठवलेली असतात. ती मारून टाकली की पुढच्या वेळी पहिल्यापासून उघडावी लागतात, आणि त्यातच जास्त वीज जाते. मेमरी साफ करून बॅटरी वाचवतो म्हणणारी अ‍ॅप्स तर आधी काढून टाकावीत, ती स्वतःच जागी राहतात.

त्याऐवजी `Battery usage` चं पान उघडावं आणि कुठलं अ‍ॅप पार्श्वभूमीला किती वेळ चाललं ते बघावं. दिवसातून दोन मिनिटं उघडलेलं खरेदीचं अ‍ॅप पार्श्वभूमीला तासन् तास दिसलं, तर त्याला `Restricted` करावं. अँड्रॉइडमध्ये 2015 पासून डोझ नावाची सोय आहे, ती पडून असलेल्या फोनमधल्या अ‍ॅप्सना स्वतःच आवरते. पण सुरुवातीला घाईघाईने दिलेल्या परवानगीमुळे एखादं अ‍ॅप `Unrestricted` होऊन या शिस्तीतून निसटलेलं असतं. असं एखादंच सापडतं, पण सापडलं की फरक लगेच दिसतो. औषधाची आठवण देणाऱ्या किंवा रिक्षावाल्याला भाडं दाखवणाऱ्या अ‍ॅपला मात्र रोखू नये, त्याची सूचना उशिरा येईल. आयफोनवर बॅटरीच्या पानावर `No Cell Coverage and Low Signal` अशी ओळ दिसली, तर वर सांगितलेला सिग्नलचा रोग तिथेही आहे असं समजावं.

ब्लूटूथ, नुसतं चालू असलेलं लोकेशन, कंपन, यांच्या मागे लागून हाती फार काही येत नाही. रस्ता दाखवणारा नकाशा तासभर चालवला तर बॅटरी जाते, पण ती स्क्रीन, जीपीएस आणि नेट तिन्ही एकत्र चालल्यामुळे. नकाशा बंद केला की प्रश्न मिटला.

हे सगळं करून फरक पडला नाही, तर मग बॅटरीच्या वयाकडे बघावं. फोन तीन-चार वर्षांचा आहे, तीस टक्क्यांवरून एकदम पाचवर येतो, कॅमेरा उघडला की बंद पडतो, चार्जरला लावताच झपाट्याने भरल्यासारखा दाखवतो, ही बॅटरी म्हातारी झाल्याची लक्षणं. आता सेटिंग्ज बदलून उपयोग नाही, तिथे दुकानदाराचं ऐकावं आणि शक्यतो कंपनीच्या सेवा केंद्रातून ती बदलून घ्यावी. पाठीमागचं झाकण उचललं गेलं असेल किंवा टेबलावर ठेवल्यावर फोन डुलत असेल तर बॅटरी फुगलेली आहे. असा फोन दाबून बसवू नये, चार्जिंगला लावू नये, आणि त्याच दिवशी दुकानात न्यावा.