पगाराच्या पट्ट्यात आपण कुठे?

केंद्र सरकारच्या लेव्हल सहाच्या कर्मचाऱ्याचा मूळ पगार 35,400 पासून सुरू होतो आणि त्या लेव्हलमध्ये तो 1,12,400 च्या पुढे जात नाही, हे कुणीही पाहू शकतं. सातव्या वेतन आयोगाचा तक्ता सर्वांसाठी खुला आहे. दरवर्षी साधारण 3 टक्के वाढ आणि तक्त्यातलं एक घर खाली, एवढं सरळ गणित. खासगी कंपनीतही असाच तक्ता असतो, पण तो बहुतेकदा एचआरच्या संगणकात राहतो. त्यामुळे अप्रेझलचं पत्र हातात पडलं की माणूस शेजारच्या टेबलावरच्या पगाराशी तुलना करतो आणि नेमकी तिथेच गफलत होते.

समजा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सीनिअर इंजिनीअरचा बँड 14 ते 22 लाखांचा आहे. त्याचा मध्य 18 लाख. हा मध्य महत्त्वाचा, कारण ते काम नीट येणाऱ्या माणसाला बाजारात साधारण काय मिळतं, याचा कंपनीने बांधलेला तो अंदाज असतो. आता दोघींचे पगार पाहू. एकीला 15 लाख 30 हजार मिळतात, म्हणजे मध्याच्या 85 टक्के. दुसरीला 20 लाख 70 हजार, म्हणजे 115 टक्के. दोघींचं रेटिंग सारखंच उत्तम. तरी पहिलीला 12 टक्के वाढ मिळते आणि दुसरीला 5 टक्के. दुसरी चिडते, आपलं काम कुणाला दिसतच नाही असं तिला वाटतं. खरं कारण वेगळं आहे: बऱ्याच कंपन्यांत वाढ रेटिंगवर आणि बँडमधल्या जागेवर मिळून ठरते. खालच्या टोकाला असलेल्याला लवकर मध्याकडे आणायचं, वरच्या टोकाला असलेल्याचा वेग कमी करायचा. या वाढीनंतर दुसरीचा पगार 21 लाख 73 हजारांवर जातो. पुढच्या वर्षी तिला बँडचं छतच लागणार.

म्हणून कमी वाढ मिळाली की आधी आपण पट्ट्यात कुठे आहोत ते विचारावं. मात्र बँडचे आकडे फिक्स्ड पगाराचे आहेत की सीटीसीचे, हे त्याआधी कळायला हवं. सीटीसीमध्ये पीएफमधला कंपनीचा वाटा असतो, बऱ्याचदा ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबलही धरलेलं असतं. एकाचा फिक्स्ड आणि दुसऱ्याचा सीटीसी शेजारी ठेवून कित्येकांनी उगाच मनस्ताप करून घेतला आहे.

छत लागलेल्या माणसाला मोठी वाढ हवी तर पुढची लेव्हल गाठावी लागते. इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: आत्ताचंच काम जास्त आणि जलद केलं की बढती मिळते. लेव्हल ठरते ती त्या पदाच्या कामावरून. एडवर्ड हे या अमेरिकी सल्लागाराच्या नावाने 1950च्या दशकापासून रूढ झालेल्या पद्धतीत पदाला गुण देताना तीन गोष्टी पाहिल्या जातात: कामाला लागणारं ज्ञान, सोडवायच्या प्रश्नांची अवघडता आणि निर्णयाची जबाबदारी. हीच पद्धत नसली तरी बहुतेक कंपन्यांचे निकष याच्या आसपासच फिरतात.

पैसे भरण्याचं पान संथ झालं आहे, असं धरू. सीनिअर इंजिनीअर डेटाबेसमधली अडलेली क्वेरी शोधून दुपारपर्यंत दुरुस्त करते, आणि ते काम चोखच असतं. लीडकडून अपेक्षा असते ती ही क्वेरी दर महिन्याला का अडते ते शोधण्याची, त्यासाठी आणखी दोन टीम्सना बसवून नियम ठरवण्याची, कोणतं काम आत्ता करायचं नाही हे सांगण्याची आणि तो निर्णय चुकला तर उत्तर देण्याची. सीनिअर अशा दहा क्वेऱ्या दुरुस्त करत राहिली, तर बढतीच्या समितीला तिच्यात उत्तम सीनिअरच दिसते. वरच्या कामाचे दाखले सहा महिने, वर्षभर आधीपासून लागतात, आणि ते काम मॅनेजरकडून मागून घ्यावं लागतं.

बढतीचंही गणित आधी मांडून पाहावं. लीडचा बँड 20 लाखांपासून सुरू होतो आणि कंपनीत बढतीच्या वेळची वाढ 15 टक्क्यांवर अडवलेली आहे, असं समजू. पहिली, 15 लाख 30 हजारांची इंजिनीअर वर गेली तर तिचा पगार होतो सुमारे 17 लाख 60 हजार. पद लीडचं, पगार मात्र त्या बँडच्या तळापेक्षाही खाली! अशा वेळी ‘या बँडचा तळ किती आणि मला तिथे कधीपर्यंत आणणार?’ हा प्रश्न बढतीचं पत्र स्वीकारण्याआधी विचारायचा असतो, आणि उत्तर ईमेलवर मागून घ्यायचं असतं.

न्यूयॉर्क शहरात नोव्हेंबर 2022 पासून नोकरीच्या जाहिरातीत पगाराचा पट्टा छापणं बहुतेक कंपन्यांना बंधनकारक आहे. भारतात तशी सक्ती नाही. तरी एचआरला आपली लेव्हल, बँडचा मध्य आणि पुढच्या लेव्हलचे लेखी निकष विचारायला कुणाची हरकत नसते. निकष पूर्ण असूनही बढती अडली, तर वरच्या लेव्हलवर जागा आणि बजेट आहे का, तेही तिथेच विचारावं.