उणीव सांगायची कशी?

शेजारच्या मुलीची मेलबर्नमध्ये पेरोल ऑफिसरच्या जागेसाठी मुलाखत होती. पुण्यात सहा वर्षं तिने हेच काम केलं होतं. आदल्या रविवारी ती सरावाला आमच्याकडे आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी तिला तुझी बलस्थानं आणि उणिवा कोणत्या, असं विचारलं. उत्तर तयारच होतं: "आय ॲम हार्डवर्किंग, सिन्सिअर ॲण्ड अ परफेक्शनिस्ट." उणीवसुद्धा परफेक्शनिस्टच!

मी म्हटलं, "अगं, खरं काय ते आधी मराठीत सांग."

थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "काकू, मला पटकन विचारायला जमत नाही. अडलं तरी एकटीच झगडत बसते." एका महिनाअखेरीस रजांचा हिशेब जुळेना. ती रात्रीपर्यंत आकडे तपासत राहिली, आणि सुधारलेला तक्ता शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे दुपारपासून होता. पगार एक दिवस उशिरा झाले.

ही खरी उणीव. शिवाय ती सांगता येण्याजोगी, कारण कामाच्या गाभ्याला धक्का लावत नाही. पेरोलच्या मुलाखतीत "आकड्यांत चुका होतात" म्हटलं असतं, तर मुलाखत तिथेच संपली असती.

मग इंग्रजीकडे वळलो. "माय वीकनेस इज" अशी सुरुवात पाठ केल्यासारखी वाटते. इथली माणसं सहज म्हणतात, "आय टेंड टू". म्हणजे माझा कल तसा आहे, पण नेहमीच तसं होतं असं नाही. तिचं वाक्य झालं: "आय टेंड टू स्ट्रगल विथ अ प्रॉब्लेम ऑन माय ओन फॉर टू लाँग." पुढे तो महिनाअखेरचा प्रसंग दोन वाक्यांत. शेवटी आजची सवय: "नाऊ, इफ आय कान्ट सॉर्ट इट आउट इन हाफ ॲन अवर, आय आस्क." सगळं मिळून पाऊण मिनिट.

बलस्थान सांगताना ती "वुई" म्हणू लागली. आपल्याकडे "मी केलं" म्हणणं आढ्यतेचं वाटतं. पण "वुई" ऐकून समोरच्याला तिचा वाटा कळत नाही. विशेषणं काढली आणि काम ठेवलं: "आय चेक एव्हरी पे रन अगेन्स्ट द लास्ट वन." नोकरी सोडून गेलेल्याचं नाव यादीत राहिलेलं तिने असंच पकडलं होतं. हे सांगताना तिचा वेग आपोआप कमी झाला, कारण आठवायचं होतं ते घडलेलं, पाठ केलेलं नव्हे.

खरं बोलण्याला इथे आणखी एक कारण आहे. ऑस्ट्रेलियात नोकरी देण्याआधी बहुधा दोन रेफरींना फोन जातो, आणि उमेदवाराने कुठे सुधारायला हवं हेही त्यांना विचारतात. तुमचं उत्तर आणि जुन्या साहेबांचं उत्तर जुळलं नाही, तर ते लगेच लक्षात येतं.

म्हणून मुलाखतीआधी आपल्या रेफरीला फोन करा आणि विचारा, "माझ्यात काय कमी आहे?" उत्तराची सुरुवात तिथून करा.