मुख्य शेफचा निरोप: चार मिनिटांत तीस वर्षं

हॉटेलच्या मुदपाकखान्यात निरोपाला वेळ मिळतो तो दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर, संध्याकाळची धावपळ सुरू होण्याआधी. तीस वर्षं काम करून निवृत्त होणाऱ्या मुख्य शेफसाठी भाषण करायचं तर हाताशी चारेक मिनिटं असतात. लिहिलेलं साधारण चारशे शब्दांपुढे गेलं, की मागच्या रांगेतले लोक शेगडीकडे पाहू लागतात.

अशा भाषणात नेहमी एकच चूक होते. वक्ता बढत्यांची आणि पुरस्कारांची यादी वाचतो. ती व्यवस्थापनाच्या पत्रात असतेच. शेफ कसे काम करत, हे मात्र शेजारी उभं राहणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून भाषण शक्यतो त्यांच्या हाताखाली घडलेल्या सू शेफने करावं आणि एकच प्रसंग नीट सांगावा.

समजा, लग्नाच्या मेजवानीची चारशे पानं आहेत आणि संध्याकाळी सात वाजता काळ्या डाळीचं पातेलं तळाशी लागलं. नवखा आचारी घाबरून डाव घालतो आणि जोरात ढवळतो. तिथेच डाळ हातची जाते, कारण तळाची करपट खरवड सगळीकडे मिसळते. जाणता शेफ आधी आच बंद करतो. तळाला धक्का न लावता वरची डाळ दुसऱ्या पातेल्यात काढायला लावतो. मग थोडी वाटीत घेऊन, जराशी निवू देऊन चाखतो, कारण वाफाळत्या घासात करपटपणा लपू शकतो. वास उरला असेल तर लोणी-साय घालून तो झाकत नाही, डाळ टाकून देतो आणि लवकर शिजणारी दुसरी डाळ चढवायला सांगतो.

भाषणात हे असंच यावं: “शेफ, त्या रात्री तुम्ही कोणावर ओरडला नाहीत. ‘ढवळू नका’ एवढंच म्हणालात. पाहुणे जेवून गेल्यावर मला बाजूला घेऊन आच कुठे चुकली ते दाखवलंत.” या तीन वाक्यांत त्यांचं कसब येतं, स्वभाव येतो आणि शिकवण्याची रीतही येते. प्रसंग अर्थातच खरा हवा. समोर उभ्या असलेल्यांपैकी निम्मे त्या रात्री तिथे असू शकतात.

आभार मानताना भांडी घासणारे, भाजी चिरणारे, पहाटे मासळी उतरवून घेणारे अनेकदा सुटतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघराची विभागवार घडी बसवली. आजही काम तसंच वाटलेलं असतं, त्यामुळे एक विभाग अडला की ताट अडतं. म्हणून विभागवार नावं आधी कागदावर लिहून घ्यावीत.

शेवटचे शब्द घरच्यांसाठी राखावेत. दिवाळी, लग्नसराई, एकतीस डिसेंबर हे इतरांचे सणाचे दिवस शेफच्या सर्वाधिक कामाचे असतात. त्या दिवशी घरच्यांना आवर्जून बोलवा आणि भाषणाचा कागद त्यांच्या हाती द्या.