चेकवरची तारीख आणि चेकचं नशीब

मार्च संपत आला की तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे जोरात असतात. समजा, अशाच एका सौद्यात एका शेतकऱ्याचा माल गेला. व्यापाऱ्याने २८ मार्चला त्याच्या हातात दोन लाख चाळीस हजारांचा चेक ठेवला आणि सांगितलं, "दादा, तारीख १० मेची आहे. त्याआधी बँकेत टाकू नका." शेतकऱ्याने चेक घडी करून पाकिटात ठेवला. या एका कागदाचं पुढे काय काय होऊ शकतं, हे पाहिलं की पुढच्या तारखेच्या चेकचा सगळा कायदा समजतो.

पहिली गोष्ट म्हणजे १० मे उजाडेपर्यंत हा कागद कायद्याच्या नजरेत चेकच नाही. चेकसारखा दिसत असला तरी तोवर त्याचं रूप हुंडीचं असतं. मागितल्याबरोबर पैसे मिळतात तो चेक, आणि इथे तर मागण्याचा दिवसच उजाडलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हे स्पष्ट केलं. चेकची मुदतही म्हणूनच तो हातात दिल्याच्या दिवसापासून न मोजता त्यावर लिहिलेल्या तारखेपासून मोजतात.

आता समजा, शेतकऱ्याला घरात पैशांची नड लागली आणि त्याने २० एप्रिललाच चेक खात्यात भरला. नियमाप्रमाणे व्यापाऱ्याच्या बँकेने तो 'पुढच्या तारखेचा' असा शेरा मारून परत पाठवायचा. अशा वेळी बरेच जण 'चेक बाउन्स झाला' म्हणून घाबरतात. पण हा बाउन्स नव्हे. यावरून व्यापाऱ्यावर खटलाही होत नाही आणि शेतकऱ्याचा हक्कही जात नाही. बँकेने परतीचं शुल्क लावलं तर तेवढा भुर्दंड पडेल. तोच चेक १० मे रोजी किंवा नंतर पुन्हा भरता येतो.

घोटाळा होतो तो बँकेची नजर चुकली तर. तारीख न पाहता बँकेने २० एप्रिललाच व्यापाऱ्याच्या खात्यातून दोन लाख चाळीस हजार वळते केले, असं धरा. दोन दिवसांनी त्याने खताच्या दुकानदाराला दिलेला चेक येतो आणि खात्यात पैसे नाहीत म्हणून परत जातो. इथे चूक पूर्णपणे बँकेची. १० मेपूर्वी पैसे देण्याची आज्ञा खातेदाराने दिलेलीच नव्हती, त्यामुळे ती रक्कम त्याच्या नावे टाकण्याचा बँकेला अधिकार नव्हता. व्यापाऱ्याने लेखी तक्रार करून रक्कम पुन्हा जमा करून घ्यावी. दुसरा चेक त्यामुळे परत गेला असेल तर त्या नुकसानीची भरपाईही त्याला मागता येते. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम ३१ मध्ये तशी तरतूद आहे.

दुसरा प्रसंग. व्यापाऱ्याने ५ मेला आपल्या बँकेला कळवलं की हा चेक देऊ नका. याला सगळे 'स्टॉप पेमेंट' म्हणतात. ही सूचना फक्त खातेदारच देऊ शकतो. चेक हरवला तर ज्याच्या नावाचा आहे त्याने खातेदारालाच गाठायचं, कारण परस्पर बँकेत जाऊन त्याला तो थांबवता येत नाही. सूचनेत चेकचा सहा आकडी नंबर अचूक हवा. एक आकडा चुकला तर बँक भलताच चेक थांबवते आणि खरा वटून जातो. सूचना पैसे जाण्याआधी पोचली तरच उपयोग. ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर वटत राहण्याची पद्धत सुरू झाली आहे. सकाळी भरलेल्या चेकचा निकाल त्याच दिवशी लागतो, त्यामुळे 'उद्या बँकेत जाऊन सांगू' म्हणण्याइतकी उसंत आता राहिलेली नाही.

व्यापाऱ्याला वाटतं, चेक थांबवला म्हणजे सुटलो. खात्यात पैसे नसल्याचा शेरा तर येणार नाही! नेमकी ही पळवाट न्यायालयाने बंद केली आहे. मोदी सिमेंट्सच्या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की 'पेमेंट थांबवलं' या शेऱ्याने चेक परत आला तरी कलम १३८ लागू शकतं. पुढे २००३ मध्ये गोवाप्लास्ट या कंपनीच्या खटल्यात प्रश्न नेमका आपल्या व्यापाऱ्यासारखा होता: पुढच्या तारखेचा चेक, आणि तारीख येण्याआधीच दिलेली थांबवण्याची सूचना. त्यानेही सुटका होत नाही, असं न्यायालयाने ठरवलं.

मग खरोखर माल खराब निघाला असेल तर? त्यालाही वाव आहे. खात्यात पुरेशी रक्कम होती आणि चेक योग्य कारणासाठी थांबवला, हे चेक देणाऱ्याने सिद्ध केलं तर तो गुन्हा ठरत नाही. पण सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर. त्यामुळे खरं कारण असेल तर चेक थांबवतानाच ते समोरच्याला लेखी कळवावं आणि त्या दिवसाचा खातेउतारा जपून ठेवावा.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तारखा काटेकोर आहेत. १२ मेला बँकेचा परतीचा मेमो हातात आला, तर तिथून ३० दिवसांत, म्हणजे ११ जूनच्या आत, व्यापाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. ती त्याला २३ मेला मिळाली, तर त्याला पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे ७ जूनपर्यंत सवड. तरीही पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. ७ जूनच्या आधीच घाईने तक्रार केली तर ती टिकत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तिसरा प्रसंग सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त हळहळ लावणारा. चेक पाकिटातच राहतो. व्यापारी दर वेळी "थोडं थांबा" म्हणतो, भिडेपोटी शेतकरी थांबतो आणि ऑगस्ट उजाडतो. १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आहे. १० मेचा चेक १० ऑगस्टच्या सुमारास शिळा होतो. आपल्या बँकेत तो मुदतीत भरणंही पुरेसं नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम १३८ साठी चेक देणाऱ्याच्या बँकेपर्यंत तो मुदतीत पोचला पाहिजे. शेवटच्या आठवड्यातली सुट्टी सगळं हातचं घालवू शकते.

शिळा चेक बँक देत नाही आणि त्यावर कलम १३८ चा खटलाही उभा राहत नाही. व्यापारी राजी असेल तर तो नवी तारीख घालून सही करू शकतो. चेकवर खाडाखोड चालत नसली तरी तारखेच्या नूतनीकरणाला नियमात सूट आहे. नवा चेक घेणं त्याहून बरं.

व्यापारी राजी नसला तरी देणं बुडत नाही. बेदाणा गेला, पैसे आले नाहीत, ही गोष्ट शिळ्या चेकने पुसली जात नाही. वसुलीचा दिवाणी दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावता येतो, आणि त्या दाव्यात तोच शिळा चेक पुरावा म्हणून कामी येतो. तेव्हा तो फाडून टाकू नका. पुढच्या तारखेचा चेक हातात आला की घरच्या कॅलेंडरवर दोन खुणा करा: एक चेकवरच्या तारखेला, दुसरी मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी.