दोन ट्रे, एक ओव्हन

दिवाळीच्या आधी, ज्या घरात ओटीजी आहे तिथे एक हिशेब हमखास होतो. नानकटाईचा एक ट्रे भाजायला वीस मिनिटं, म्हणजे चार ट्रेना ऐंशी. मग दोन-दोन ट्रे एकदम लावले तर चाळीस मिनिटांत मोकळे! कागदावर हे अगदी बरोबर असतं. प्रत्यक्षात वरच्या ट्रेमधल्या नानकटाया डोक्यावर करपतात आणि बुडाला कच्च्या राहतात. खालच्या ट्रेमध्ये नेमकं उलट, बूड काळं आणि माथा पांढराफटक. शिवाय मागच्या कोपऱ्यातल्या दोन-तीन बाकीच्यांच्या मानाने फारच तांबूस. मग दोष तुपावर जातो, नाहीतर ज्यांच्याकडून कृती घेतली त्या मावशींवर. कृती बहुधा ठीकच असते. ओव्हनमधली उष्णता नेमकी कुठे साठते आणि पदार्थापर्यंत कशी पोहोचते, याकडे लक्ष गेलेलं नसतं.

सुरुवात ओव्हन आधी तापवण्यापासून करू. चाळीस लिटरच्या ओटीजीत हवा असते जेमतेम पन्नास ग्रॅम. दीड हजार वॉटच्या रॉडची सगळी उष्णता फक्त त्या हवेत गेली, तर ती १८० अंशांवर यायला हिशेबाने पाच-सहा सेकंद पुरतील. मग आपण दहा-पंधरा मिनिटं वाट कशाची पाहतो? पत्र्याच्या भिंतींची, जाळीची, दाराच्या काचेची. त्या काही किलो वजनाच्या असतात आणि उष्णता त्यांच्यात साठते. आपण दार उघडून ट्रे आत सरकवतो तेव्हा गरम हवा एका फटक्यात बाहेर पडते. भिंती नीट तापलेल्या असतील तर दार लावल्यावर आत आलेली थंड हवा त्या लगेच पुन्हा तापवतात, आणि पदार्थालाही सरळ आपली धग देत राहतात. भिंती कोमटच असतील तर सगळा भार रॉडवर येतो, ते लालभडक होऊन पेटते राहतात आणि त्यांच्या जवळ असेल ते करपवतात.

बेकरीतल्या जुन्या भट्टीत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. आधी लाकडं जाळून विटा तापवायच्या, मग विझलेला जाळ बाजूला सारून पाव आत लोटायचे. पाव भाजतात ते विटांनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर. पूर्वी दिवाळीत गावातल्या बेकरीत घरचं पीठ नेऊन नानकटाई भाजून आणायची पद्धत होती. ती नानकटाई सगळीकडून सारखी भाजलेली असे, याचं बरंच श्रेय त्या जाड विटांना जातं. ओटीजीचा पत्रा पातळ. त्यामुळे आपल्याला जास्त सावध राहावं लागतं.

आता तो छोटा दिवा. इस्त्रीसारखाच ओव्हनलाही थर्मोस्टॅट असतो. ठरलेल्या तापमानाला रॉड बंद होतात, थोडं तापमान उतरलं की पुन्हा लागतात. बऱ्याच ओटीजींमध्ये दिवाही त्याबरोबर विझतो आणि लागतो. दिवा पहिल्यांदा विझला याचा अर्थ एवढाच, की थर्मोस्टॅट जिथे बसवला आहे तिथे तापमान पोहोचलं. रॉड त्या क्षणी लाल असतात, आणि बंद झाल्यावरही थोडा वेळ उष्णता देत राहतात. भिंती मात्र अजून मागे असतात. म्हणून दिवा एकदा विझू द्यावा, पुन्हा लागू द्यावा आणि दुसऱ्यांदा विझला की ट्रे ठेवावा. ज्या ओटीजीत दिवा सतत लागलेलाच राहतो, त्यात सरळ पंधरा मिनिटं द्यावीत. जाळ्या मात्र ओव्हन थंड असतानाच हव्या त्या खाचांत बसवून घ्याव्यात. तापलेल्या ओव्हनचं दार उघडं ठेवून जाळ्या इकडच्या तिकडे करणं म्हणजे साठवलेली उष्णता स्वयंपाकघराला वाटून टाकणं.

नानकटाईला तर गार ओव्हन मुळीच चालत नाही. तूप शरीराच्या उबेलाच वितळायला लागतं. पिठाला आकार धरायला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. ओव्हन हळूहळू तापत गेला तर या दोन टप्प्यांच्या मधला वेळ लांबतो. तूप आधीच पातळ होतं, गोळा खाली बसतो, आणि शेजारच्या दोन नानकटाया एकमेकींना चिकटतात. तापलेल्या ओव्हनमध्ये बाहेरची कड लवकर धरते आणि मधोमध ती ओळखीची भेग पडते. तेव्हा नानकटाई पसरली की पीठ वाढवण्याआधी ओव्हन पुरेसा तापला होता का ते पाहावं.

ट्रे एकच असेल तर काम सोपं. पदार्थ ओव्हनच्या मध्यावर यावा, वरच्या आणि खालच्या रॉडपासून साधारण सारख्या अंतरावर. ट्रेच्या चारही बाजूंना दोन-तीन सेंटीमीटर जागा मोकळी हवी, कारण गरम हवा तिथूनच वर चढते. ओव्हनबरोबर आलेला ट्रे पुष्कळदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असतो आणि थेट खाचेत बसतो. त्याने ओव्हनचे दोन कप्पेच होतात. भाजायला त्याहून थोडा लहान ट्रे घ्यावा आणि तो जाळीवर ठेवावा.

दोन ट्रे ठेवले की प्रत्येक ट्रे दुसऱ्याच्या आड येतो. खालचा ट्रे खालच्या रॉडची धग स्वतः घेतो आणि वरच्याचं बूड झाकतो. वरचा ट्रे वरच्या रॉडची धग अडवतो. प्रत्येकाच्या वाट्याला एकच रॉड येतो. मधल्या फटीत हवा फिरायला जागा कमी, आणि दोन्ही ट्रेमधलं गार पीठ मिळून उष्णताही दुप्पट ओढतं. त्यामुळे दोन ट्रेना एका ट्रेएवढा वेळ पुरत नाही. वीसची चोवीस-पंचवीस मिनिटं होतात. हे टळत नाही, आणि घाईने तापमान वाढवलं तर फक्त करपण्याचा वेग वाढतो.

पंख्याच्या ओव्हनमध्ये चित्र बरंच सुधारतं. पंखा हवा दोन्ही ट्रेंच्या वरून आणि खालून ढकलतो. पंखा चालू असेल तर कृतीत दिलेल्या तापमानापेक्षा पंधरा-वीस अंश कमी ठेवतात. तरीही पंख्याच्या बाजूची कड आधी तांबूस होते. अठरा-वीस लिटरचा छोटा ओटीजी असेल तर माझ्या मते दोन ट्रेंचा मोह सोडावा. वरचा ट्रे रॉडच्या इतका जवळ जातो की कितीही फिरवाफिरव केली तरी निभत नाही.

दुसरी भानगड कोपऱ्यांची. कुठलाच घरगुती ओव्हन सगळीकडे सारखा तापत नाही. दाराकडून काचेतून उष्णता निसटते, म्हणून पुढची रांग साधारण मागे पडते. मागच्या कोपऱ्यांना दोन-दोन भिंती जवळ असतात, तिथे रंग लवकर चढतो. एखादा रॉड एका टोकाला जास्त तापत असेल तर डावी-उजवी बाजूही बदलते. आपल्या ओव्हनचा हा नकाशा काढायला साधे ब्रेडचे स्लाइस पुरतात. ओव्हन १८० अंशांवर नीट तापवून मधल्या जाळीवर स्लाइस एकमेकांना लागून मांडायचे, आणि कडेचे लालसर झाले की, म्हणजे साधारण दहा मिनिटांत, बाहेर काढून त्याच क्रमाने ओट्यावर ठेवायचे. कुठले गडद आणि कुठले फिकट, ते एका नजरेत दिसतं. स्लाइस उलटूनही पाहावेत. वरून फिकट आणि खालून गडद असतील तर खालचा रॉड जोरात आहे, म्हणजे जाळी एक खाच वर न्यायला हवी. नॉबवरचे आकडे खरे आहेत का, हे मात्र ब्रेड सांगत नाही. त्यासाठी ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक लागतो. तो मध्यभागी ठेवून दिवा दोन-तीनदा लागून विझेपर्यंत वाचत राहिलं की तापमान कुठपर्यंत चढतं आणि कुठपर्यंत उतरतं ते कळतं.

आता नानकटाईचे दोन ट्रे घेऊ. ओव्हन चाळीस लिटरचा, पंखा नाही, तापमान १७०. जाळ्या वरून आणि खालून साधारण एक तृतीयांश उंचीवर, मध्ये हाताचा पंजा आरामात जाईल एवढी फट. ट्रे दोन रंगांचे असतील तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा खाली आणि काळा नॉनस्टिक वर ठेवावा. काळा पत्रा रॉडची धग जास्त शोषतो, त्यामुळे तो खाली ठेवला तर बुडं हमखास जळतात. वर ठेवला की तोच गुण कामी येतो, कारण तिथे बुडाला उष्णता कमीच मिळते. दोन्ही ट्रेमध्ये नानकटाया सारख्याच आकाराच्या आणि सारख्याच अंतरावर हव्यात.

पहिली बारा-तेरा मिनिटं दार उघडायचं नाही. तोवर कडा धरलेल्या असतात, भेगा पडलेल्या असतात, रंग मात्र नुकताच येऊ लागलेला असतो. अदलाबदलीची वेळ हीच. वरचा ट्रे खाली, खालचा वर, आणि त्याच वेळी दोन्हींची दाराकडची बाजू मागे. नुसती वर-खाली अदलाबदल केली तर मागच्या कोपऱ्यातल्या नानकटाया मागच्याच कोपऱ्यात राहतात. दोन्ही ट्रे बाहेर काढून आधी दार लावून घ्यावं, ओट्यावर ट्रे फिरवावेत आणि मग पटकन आत सरकवावेत. दार उघडं ठेवून आतल्या आत कसरत करण्यात उष्णताही जाते आणि मनगटही भाजतं. त्यानंतर दहा-अकरा मिनिटांनी एकेक नानकटाई उचलून बूड पाहायचं. फिकट बदामी रंग आला की झालं. ती गरम असताना मऊ लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते, त्यामुळे बोटाने दाबून अंदाज घेण्यात अर्थ नाही. दोन्ही ट्रे एकदमच बाहेर आले पाहिजेत असंही नाही. एक दोन मिनिटं आधी तयार झाला तर तो काढावा. दुसऱ्याला मधली जाळी मोकळी असेल तर तिथे हलवावं.

केकला ही अदलाबदल चालत नाही. मधला भाग धरायच्या आत थंड हवा लागली किंवा टिन हिसकला, की फुगलेला केक बसतो. दोन टिन असतील तर ते एकाच जाळीवर शेजारी, मध्ये दोन बोटं अंतर सोडून ठेवावेत. तेवढी जागा नसेल तर दोन जाळ्यांवर, पण एकाच्या डोक्यावर दुसरा येणार नाही असे तिरके. फिरवायचेच झाले तर पाऊण वेळ उलटल्यावर, अलगद.

नानकटाईच्या दुसऱ्या घाण्याआधी ट्रे पूर्ण गार होऊ द्यावेत. गरम ट्रेवर कच्चे गोळे ठेवले तर तूप तिथेच सुटतं आणि ओव्हनमध्ये जायच्या आधीच गोळे पसरतात. घाई असेल तर ट्रेची पाठ नळाखाली धरून पुसून घ्यावी. पातळ ट्रे मात्र फार गरम असताना पाण्याखाली नेला तर वाकतो. ओव्हनचा नॉब या काळात बंद करायचा नाही, तापलेल्या भिंती तशाच राहू द्यायच्या. दुसरा घाणा बहुधा एक-दोन मिनिटं लवकर होतो, म्हणून बूड तपासायचं तेही थोडं आधीच.