उतार नेमका कुठे बदलला?

जागतिक सरासरी तापमानाच्या नोंदी १९४० पासून पुढे आलेखावर मांडल्या, की दोन वेगळे काळ डोळ्यांना दिसतात. साधारण १९७० पर्यंत ठिपके जवळपास आडवे पसरलेले आहेत आणि त्यानंतर ते सतत वर चढत गेले आहेत. या सगळ्यांतून एकच सरळ रेषा ओढली, तर तिचा उतार दोन्ही काळांची सरासरी सांगतो आणि एकाही काळाचे खरे वर्णन करत नाही. अशा वेळी तुकड्या-तुकड्यांचे रिग्रेशन वापरतात. त्यात दोन सरळ रेषा एका बिंदूपाशी जोडलेल्या असतात. या बिंदूला इथे वळणबिंदू म्हणू.

या पद्धतीचे सूत्र दिसते त्याहून सोपे आहे:

y = a + b·x + d·max(0, x − c)

यात x म्हणजे वर्ष, y म्हणजे तापमान आणि c म्हणजे वळणबिंदू. c ला १९७० मानले, तर शेवटच्या पदात १९६५ साठी ० येतो, १९७५ साठी ५ आणि २००० साठी ३०. त्यामुळे वळणापूर्वीचा उतार b एवढा राहतो आणि वळणानंतरचा b + d होतो. खरा प्रश्न d विषयी आहे, कारण उतार किती बदलला हे तोच सांगतो. c पाशी हे पद शून्यातूनच वाढू लागत असल्याने दोन रेषा आपोआप जोडलेल्या राहतात आणि मध्ये उडी पडत नाही.

अडचण आहे ती c शोधण्याची. c ठाऊक असेल तर बाकीचे आकडे नेहमीच्या रिग्रेशनने एका फटक्यात मिळतात. पण c स्वतः max च्या आत अडकलेला असल्यामुळे त्याच्यासाठी तसे थेट सूत्र नाही. म्हणून सरळ शोध घ्यावा लागतो. १९५० धरून रिग्रेशन करायचे आणि प्रत्येक ठिपका रेषेपासून किती दूर पडला त्याच्या वर्गांची बेरीज टिपून ठेवायची. मग १९५१, १९५२ असे करत २००५ पर्यंत जायचे. ज्या वर्षी ही बेरीज सर्वांत कमी भरते, ते वर्ष म्हणजे वळणबिंदूचा अंदाज. अगदी टोकाची वर्षे शोधातून वगळतात, कारण तिथे एका बाजूला मोजकेच ठिपके उरतात आणि एखादे अपवादात्मक वर्षही खोटे वळण निर्माण करते.

मिळालेल्या वर्षावर लगेच थांबू नये. प्रत्येक c साठी आलेली बेरीज आलेखावर मांडली, की तिच्या आकारावरून अंदाजाची खात्री कळते. खळगा अरुंद असेल तर वळण नेमके सापडले आहे, पसरट असेल तर आजूबाजूची बरीच वर्षेही तितकीच चालतील. पंचाहत्तर वर्षांच्या नोंदी असतील, तर किमान बेरजेपेक्षा साधारण पाच-सहा टक्क्यांपर्यंत जास्त बेरीज देणारी सगळी वर्षे ढोबळमानाने ९५ टक्के विश्वासाच्या पट्ट्यात येतात. फक्त एक वर्ष छापून हा पट्टा न देणे म्हणजे अर्धेच उत्तर देणे.

वळण मुळात आहे की नाही, हा प्रश्न याहून नाजूक आहे. इथे नेहमीची कसोटी फसवते. c निवडतानाच पन्नासहून अधिक वर्षे तपासून सर्वांत सोयीचे घेतलेले असते आणि d शून्य असेल तर c ला काही अर्थच उरत नाही. त्यामुळे नेहमीचे p-मूल्य फार आशावादी येते. यावर एक प्रामाणिक उपाय आहे. वळण नसलेल्या सरळ रेषेवर तशाच चढउतारांची हजारभर कृत्रिम आकडेवारी तयार करायची, प्रत्येकीवर संपूर्ण शोध पुन्हा करायचा आणि प्रत्यक्षातल्याइतकी सुधारणा निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळते ते मोजायचे. एल निनोसारख्या कारणांमुळे एका वर्षाचा प्रभाव पुढच्या वर्षावर पडतो, म्हणून कृत्रिम चढउतारांतही तो संबंध ठेवावा लागतो. तो विसरला तर नसलेली वळणे सापडू लागतात.

ही काळजी किती महत्त्वाची आहे, ते १९९८ नंतरच्या वादात दिसले. १९९८ ते २०१२ हा तुकडा सुटा घेतला, की दशकाला जेमतेम ०.०५ अंश सेल्सिअसचा उतार मिळत होता आणि तापमानवाढ थांबल्याची चर्चा रंगली. पण १९९८ हे प्रबळ एल निनोमुळे असाधारण उष्ण ठरलेले वर्ष होते. तिथून रेषा सुरू केली की तिचे डावे टोक आधीच उंच बसते, आणि ही रेषा मागच्या रेषेला जोडायची तर मध्ये अचानक उडी गृहीत धरावी लागते. नीव्ह काहिल, स्टेफान राहमस्टोर्फ आणि अँड्र्यू पार्नेल यांनी २०१५ मध्ये रेषा जोडलेल्या ठेवून वळणे शोधली, तेव्हा ती १९१२, १९४० आणि १९७० च्या आसपास सापडली. १९७० नंतर चौथे वळण मानायला आकडेवारीत आधार मिळाला नाही. तापमान दशकाला सुमारे ०.१७ अंशांच्या त्याच उताराने चढत राहिले होते.